बटण दाबण्याआधीचे उणे अडीच व्होल्ट

इलेक्ट्रॉनिक्समधलं बहुधा सर्वांत साधं सर्किट घेऊ. पाच व्होल्टचा पुरवठा, त्याला एक स्विच, पुढे दहा किलोओमचा रेझिस्टर आणि त्यानंतर शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्विच दाबला की कपॅसिटर हळूहळू भरू लागतो. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा गुणाकार बरोबर एक सेकंद येतो, त्यामुळे आकडे हाताशी सोपे राहतात. एका सेकंदाला कपॅसिटरवर साधारण 3.16 व्होल्ट असतात, पाच सेकंदांनंतर 4.97, आणि पुढे तो पाचाला जाऊन टेकतो. दाबण्याआधी अर्थातच शून्य. दहा-वीस रुपयांच्या सुट्या भागांत कोणीही हे जोडून मल्टिमीटरवर पाहू शकतं.

आता हेच उत्तर फूरिए रूपांतराने काढायला घ्या, आणि एका विशिष्ट ठिकाणी थोडी घाई करा. उत्तर येतं ते असं: एका सेकंदाला 0.66 व्होल्ट, बऱ्याच वेळानंतर अडीच व्होल्ट, आणि स्विच दाबण्यापूर्वी, अगदी अनादी काळापासून, उणे अडीच व्होल्ट. वक्राचा आकार तंतोतंत बरोबर असतो, फक्त अख्खा वक्र अडीच व्होल्टने खाली घसरलेला असतो. मीटर असं काही दाखवत नाही, तेव्हा पाणी गणितातच कुठेतरी मुरत असलं पाहिजे. ते नेमकं कुठे मुरतं, हाच या लेखाचा विषय.

फूरिए रूपांतर काय करतं ते आधी थोडक्यात पाहू. जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करताना हा विचार मांडला, आणि 1822 साली त्यावरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोणताही संकेत, म्हणजे काळानुसार बदलणारी कोणतीही राशी, वेगवेगळ्या वारंवारतांच्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. त्यात कोणती लाट किती प्रमाणात आहे हे शोधायचं असेल, तर संकेताला त्या लाटेने गुणायचं आणि आलेल्या वक्राखालचं क्षेत्रफळ उणे अनंतापासून अनंतापर्यंत मोजायचं. सूत्रात:

F(ω) = ∫ f(t) e^(−jωt) dt

इथे ω म्हणजे वारंवारता, रेडियन प्रति सेकंद या एककात. j म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. गणिताच्या पुस्तकात त्याला i म्हणतात, पण विद्युत अभियंत्यांचा i आधीच विद्युतप्रवाहाने अडवून ठेवलेला असतो.

हे क्षेत्रफळ मोजता आलंच पाहिजे, एवढी या सगळ्याला अट. त्यासाठी पाठ्यपुस्तकं सांगतात की संकेताच्या केवल मूल्याखालचं, म्हणजे उणे भागही अधिक धरून मोजलेलं, एकूण क्षेत्रफळ सांत असावं. उणे-अधिक एकमेकांत वजा होऊ न देण्यामागे कारण आहे. आपण संकेताला प्रत्येक वारंवारतेच्या लाटेने गुणणार आहोत, आणि लाट स्वतःच खालीवर होत असल्याने कुठला भाग कुठल्याशी कटेल याचा भरवसा नाही. सगळे भाग एकाच बाजूला मोजूनही बेरीज आटोक्यात राहत असेल, तर मग कोणतीही लाट लावा, उत्तर आटोक्यातच येणार.

आपला स्विच नेमका याच अटीत नापास होतो. स्विच दाबण्याच्या क्रियेला गणितात पायरी फलन म्हणतात, म्हणजेच स्टेप फंक्शन. शून्य क्षणाआधी त्याची किंमत 0, नंतर कायमची 1. ते u(t) असं लिहितात. त्याचंच भावंड म्हणजे चिन्ह फलन, सिग्नम, sgn(t): शून्याआधी −1, नंतर +1. दोघांखालचं केवल क्षेत्रफळ अनंत. चिन्ह फलनाची डावी आणि उजवी बाजू एकमेकींना काटतात हे खरं, पण केवल मूल्य घेतलं की ती सवलत संपते.

अट मोडली म्हणून काय बिघडतं, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. पायरी फलन T सेकंदांपर्यंतच घ्या आणि ω = 1 साठी क्षेत्रफळ मोजा. उत्तर येतं (1 − e^(−jT))/j. T बरोबर π सेकंद घेतले तर उत्तर −2j. 2π घेतले तर शून्य. मधले दीड π घेतले तर −1 − j. T वाढवत नेला की उत्तर कुठे स्थिरावत नाही, एका वर्तुळावर गरगर फिरत राहतं. दहा सेकंद थांबा किंवा दहा वर्षं, फिरणं सुरूच. म्हणजे नेहमीच्या अर्थाने या फलनाला रूपांतर नाही. पण त्या वर्तुळाचा मध्य कुठे आहे? बरोबर −j वर, म्हणजे 1/j वर. कोणत्याही ω साठी हेच करून पाहिलं तर मध्य 1/(jω) वर सापडतो. उत्तर स्थिर नसलं, तरी ते ज्याच्याभोवती घुटमळतंय ती जागा ठरलेली आहे, आणि हीच आशेची जागा.

फिरणाऱ्या उत्तराला मध्यावर बसवायची एक जुनी आणि प्रामाणिक युक्ती आहे. संकेत मूळच्या रूपात घ्यायचाच नाही. तो दोन्ही टोकांना हलकेच विझत जाईल असा करायचा, त्याचं रूपांतर काढायचं, आणि मग विझण्याचा वेग शून्याकडे न्यायचा. चिन्ह फलनाला e^(−a|t|) ने गुणा. a ही छोटीशी धन संख्या, म्हणजे विझण्याचा वेग. आता क्षेत्रफळ सांत आहे, दोन सोपे इंटिग्रल सोडवले की उत्तर मिळतं:

1/(a + jω) − 1/(a − jω) = −2jω/(a² + ω²)

a शून्य केला की उरतं 2/(jω). हे चिन्ह फलनाचं रूपांतर.

हे शून्याकडे जाणं आकड्यांत पाहिलं तर त्यातली खोच कळते. ω = 1 ला अपेक्षित उत्तराचा आकार 2. a = 0.1 असतानाच तो 1.98 येतो, म्हणजे काम जवळपास झालेलं. पण ω = 0.01 ला जा. तिथे अपेक्षा 200 ची आहे. a = 0.1 ला तिथे मिळतात फक्त 1.98, a = 0.01 ला 100, आणि a = 0.001 पर्यंत उतरलो तेव्हा कुठे 198. शून्य वारंवारतेच्या जितकं जवळ जाऊ, तितकी युक्तीला उशिरा फळं येतात. आणि नेमक्या शून्यावर तर a कितीही असो, उत्तर शून्यच. चिन्ह फलनात अधिक आणि उणे सारखेच असल्याने सरासरी शून्य, त्यामुळे शून्य वारंवारतेवर काही नसावं हे योग्यच आहे. पण एवढं लक्षात ठेवायचं की जी काही गंमत होणार आहे ती शून्याच्या आसपासच होणार आहे.

पायरी फलनाला हाच उपचार करू. e^(−at) ने विझवलेल्या पायरीचं रूपांतर येतं 1/(a + jω). इथे हात शिवशिवतात. a शून्य टाकलं की 1/(jω), झालं. परीक्षेत बरेच जण इथेच पेन खाली ठेवतात. पण ही घाई करण्याआधी तो अपूर्णांक दोन भागांत फोडून पाहा:

1/(a + jω) = a/(a² + ω²) − jω/(a² + ω²)

दुसरा भाग ओळखीचा आहे, चिन्ह फलनाच्या उत्तराचा निम्मा. तो 1/(jω) कडे जातो. पहिल्या भागाकडे मात्र नीट पाहायला हवं. शून्यावर उभी राहिलेली ती एक टेकडी आहे. तिची उंची 1/a, म्हणजे a = 0.1 ला दहा, 0.01 ला शंभर. शून्यापासून दूर ती झपाट्याने नाहीशी होते: ω = 1 वर तिची उंची आधी 0.099, मग 0.01. म्हणून वाटतं की हिला सोडून द्यावं, शेवटी ती जाणारच आहे. पण तिच्याखालचं क्षेत्रफळ मोजा. a कितीही घ्या, ते बरोबर π येतं. a = 0.1 असताना उणे एक ते एक या पट्ट्यात त्यातले 2.94 असतात, a = 0.01 ला 3.12. टेकडी अरुंद होत जाते, उंच होत जाते, पण तिच्यातला माल तसूभर कमी होत नाही, तो सगळा शून्यापाशी गोळा होतो. अशा, रुंदी शून्य पण क्षेत्रफळ शाबूत राहिलेल्या टोकाला डेल्टा फलन म्हणतात आणि δ ने दाखवतात. म्हणून पायरीचं पूर्ण रूपांतर असं आहे:

U(ω) = πδ(ω) + 1/(jω)

दुसऱ्या वाटेनेही इथेच येता येतं, आणि ती वाट आकलनाला सोपी आहे. पायरी म्हणजे अर्ध्या उंचीची सपाट रेषा अधिक अर्धं चिन्ह फलन: u = 1/2 + sgn/2. शून्याआधी अर्ध्यातून अर्धा गेला, शून्य. नंतर अर्धा अधिक अर्धा, एक. सपाट 1 चं रूपांतर 2πδ(ω), त्याचं निम्मं πδ. चिन्ह फलनाचं निम्मं 1/(jω). बेरीज तीच. इथे πδ चा अर्थही स्पष्ट होतो. ती पायरीची सर्वकालीन सरासरी आहे, अर्धा, आणि सरासरी म्हणजे शून्य वारंवारतेचा हिस्सा, ज्याला अभियंते डीसी म्हणतात.

आता ती फसवी सिद्धता, कारण ती दिसायला फार देखणी आहे. पायरीचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, शून्य क्षणी एकदम उसळतो आणि इतरत्र शून्य असतो. म्हणजे तो डेल्टा. डेल्टाचं रूपांतर 1. डेरिव्हेटिव्ह घेणं म्हणजे रूपांतराला jω ने गुणणं, हा नियम. तेव्हा jω·U = 1, आणि म्हणून U = 1/(jω). तीन ओळींत उत्तर. फक्त ते चूक आहे. हाच युक्तिवाद अर्ध्या चिन्ह फलनाला लावा. तेही शून्यावर एकानेच उडी मारतं, त्याचंही डेरिव्हेटिव्ह तोच डेल्टा, आणि उत्तरही तेच 1/(jω). दोन वेगळ्या फलनांना एकच रूपांतर कसं असेल?

बँकेच्या पासबुकात नुसत्या जमा-खर्चाच्या नोंदी असाव्यात आणि सुरुवातीची शिल्लक लिहायची राहून जावी, तशी ही गत आहे. डेरिव्हेटिव्ह फक्त बदल सांगतं, पातळी सांगत नाही. वारंवारतेच्या भाषेत हाच तोटा भागाकारात लपतो. jω·U = 1 या समीकरणाला ω ने भागताना शून्यावर आपण शून्याने भागतोय. ω·δ(ω) शून्य असतो, म्हणून U मध्ये कोणत्याही पटीत डेल्टा मिसळला तरी समीकरण बिनतक्रार जुळतं. ती पट समीकरणातून कधीच मिळणार नाही, ती बाहेरून, सरासरीवरून ठरवावी लागते. चिन्ह फलनाची सरासरी शून्य, म्हणून त्याच्याबाबतीत घाई केली तरी निभावतं. पायरीची सरासरी अर्धी, तिथे नाही निभावत.

खात्री करायची तर उलट दिशेने यावं. 1/(jω) मधून परत काळाकडे आलो की सम-विषम काटछाट होऊन उरतं (1/π)∫ sin(ωt)/ω dω, शून्य ते अनंत. हा इंटिग्रल दिरिक्ले यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याची एक विलक्षण खोड आहे: t धन असेल तर एक सेकंद असो की एक तास, उत्तर π/2. ऋण असेल तर −π/2. शून्यावर शून्य. म्हणजे परत मिळतं अधिक अर्धा किंवा उणे अर्धा, शुद्ध अर्धं चिन्ह फलन. πδ मधून परत मिळतो सर्वकाळ अर्धा. दोन्ही मिळून आधी शून्य, नंतर एक, आणि उडीच्या नेमक्या क्षणी अर्धा.

सर्किटचा उलगडा आता दोन ओळींचा आहे. कपॅसिटरवरच्या उत्तरासाठी पुरवठ्याच्या रूपांतराला 1/(1 + jω) ने गुणायचं. डेल्टा फक्त शून्यावरची किंमत उचलतो, ती इथे 1, म्हणून πδ जसाच्या तसा राहतो. उरलेल्या भागाचे दोन तुकडे होतात, 1/(jω) आणि −1/(1 + jω). पहिला तुकडा πδ शी जोडला की पूर्ण पायरी बनते, दुसरा विझणारा e^(−t). पाचने गुणलं की उत्तर 5(1 − e^(−t)), स्विचनंतर. πδ विसरलात, तर पाच व्होल्टच्या पायरीऐवजी अडीच व्होल्टचं चिन्ह फलन हाती येतं, आणि सगळा वक्र अडीच व्होल्टने खाली बसतो. म्हणून अशा गणितात पहिली तपासणी स्विचच्या आधीच्या काळाची करावी. तिथे शून्य नसेल, तर डेल्टा कुठेतरी गळालाय.

मग इतके लोक πδ विसरूनही सुखाने कसे जगतात? कारण पुष्कळ सर्किटांत त्याची गरजच पडत नाही. याच जोडणीत कपॅसिटर आणि रेझिस्टर यांची अदलाबदल करा आणि रेझिस्टरवरचा दाब मोजा. ध्वनियंत्रणेत दोन टप्प्यांच्या मध्ये हीच जोडणी असते. ती शून्य वारंवारतेला पूर्ण अडवते, त्यामुळे तिथे डेल्टाला शून्याने गुणलं जातं आणि तो आपोआप मरतो. चुकीच्या सूत्रानेही उत्तर e^(−t) असं अचूक येतं. आयुष्यभर ऑडिओच करणाऱ्याला ही चूक कधी दिसणारच नाही. ती दिसते ती डीसी आरपार जाऊ देणाऱ्या यंत्रणांत, आणि त्याहून जास्त इंटिग्रेटरमध्ये, जिथे शून्य वारंवारतेलाच सर्वांत जास्त वजन असतं.

या सगळ्याला गणिताची मान्यता मिळायला बराच काळ जावा लागला. पायरी फलन आजही ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते ऑलिव्हर हेविसाइड तारखात्यातून आलेले. त्यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली, आणि पुढचं गणित बहुतेक स्वतःच शिकले. तारेत संदेश सोडला की पलीकडे काय होतं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तारेला बॅटरी जोडणं म्हणजे पायरीच. डेरिव्हेटिव्हला ते साध्या बीजगणितातल्या अक्षरासारखं वापरत. उत्तरं बरोबर येत, पण सिद्धता नसे. 1890च्या दशकात रॉयल सोसायटीने त्यांच्या या विषयावरच्या लेखाचे दोन भाग छापले आणि तिसरा नाकारला. पुढे पॉल डिरॅक यांनी पुंजभौतिकीत डेल्टा फलन रूढ केलं. तेही मुळात ब्रिस्टलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलेले, हा योगायोग मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

पाया घातला तो फ्रान्सच्या लॉराँ श्वार्त्झ यांनी, 1940च्या दशकात, आणि 1950 साली त्यांना फील्ड्स पदक मिळालं. त्यांनी प्रश्नच बदलला. शून्यावर δ ची किंमत किती, 1/ω ची किती, हे विचारूच नका, म्हणाले. एखादं गुळगुळीत, टोकांना झपाट्याने विझणारं फलन घ्या, त्याला याने गुणून क्षेत्रफळ किती येतं तेवढं विचारा. आणि रूपांतर काढायचं झालं तर ते या आडदांड फलनावर न लादता त्या गुणी फलनावर टाका, ते कोणतीही अट न मोडता पार पडतं. पायरीचं रूपांतर म्हणजे, गुणी फलनाचं रूपांतर काढून त्याचं शून्यापासून अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ मोजणं. त्यातून πδ आणि 1/(jω) दोन्ही आपोआप बाहेर पडतात, a शून्याकडे नेण्याची कसरतही न करता. फक्त 1/ω वापरताना शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच फट ठेवून मोजायचं आणि मग ती मिटवत न्यायची, एवढा दंडक पाळावा लागतो. फट एका बाजूला मोठी ठेवली, तर नेमका एक जादा डेल्टा हिशेबात शिरतो.

वापरणाऱ्याला नडणाऱ्या दोन गोष्टी आणखी आहेत. पहिली एककाची. वारंवारता रेडियनऐवजी हर्ट्‌झमध्ये घेतली की सूत्र होतं δ(f)/2 + 1/(j2πf). काही पुस्तकांत π दिसतो आणि काहींत 1/2, आणि विद्यार्थी भांबावतात, पण मजकूर एकच आहे. गोंधळ होतो तो एका पुस्तकातला पहिला भाग आणि दुसऱ्यातला दुसरा भाग जोडला की.

दुसरी संगणकाची. संगणक अनंत काळ साठवू शकत नाही. तो मर्यादित तुकडा घेतो आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतोय असं गृहीत धरतो. निम्मे शून्य आणि निम्मे एक असे आठ नमुने द्या:

```
import numpy as np
np.fft.fft([0,0,0,0,1,1,1,1])
```

उत्तरात शून्यावर 4 येतो आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या वारंवारतांवर शून्य. 1/(jω) ला सम वारंवारतांवर शून्य होण्याचं काहीच कारण नाही. हा स्पेक्ट्रम पायरीचा नाही, चौकोनी लाटेचा आहे. संगणकाला तुकड्याच्या शेवटी एकवरून शून्यावर येणारी दुसरी उडीही दिसते, जी आपण दिलेलीच नव्हती. मोजलेल्या पायरीचा स्पेक्ट्रम काढताना एकाआड एक रकाने रिकामे दिसले, तर यंत्र ठीक आहे, ती न दिलेली उडी दिसते आहे.

विझवण्याच्या युक्तीलाही हद्द आहे. सतत चढत जाणारा उतार, म्हणजे t सेकंदाला t व्होल्ट, अजून तिच्या आवाक्यात बसतो, फक्त उत्तरात डेल्टाचं डेरिव्हेटिव्ह येतं. पण e^t सारखा संकेत घ्या. त्याला विझवणारा a एकापेक्षा मोठा लागतो, तो शून्याकडे नेताच येत नाही, आणि श्वार्त्झ यांच्या विझणाऱ्या फलनांनाही तो झेपत नाही. तिथे अभियंते लाप्लास रूपांतराकडे वळतात. त्यात पायरीचं उत्तर 1/s इतकं सुटसुटीत आहे, आणि s च्या जागी jω टाकून फूरिए मिळवायचा मोह तिथेच होतो. s च्या प्रतलात 1/s ज्या बिंदूवर फुटतो तो शून्यबिंदू नेमका jω च्या अक्षावर आहे, म्हणून तिथे नुसती अदलाबदल चालत नाही, πδ हाताने जोडावा लागतो. विझवलेल्या पायरीचा 1/(s + a) त्या अक्षाच्या डावीकडे फुटतो, तिथे मात्र अदलाबदल खुशाल करावी.